ऑडिट फाइंडिंग बोर्डाला कळतच नव्हती, शेवटी असं जमलं

पतसंस्थेच्या सोनेतारण कर्जावरची एक फाइंडिंग दीड पान झालेली, आणि बोर्डाचा प्रश्न एकच, "मग करायचं काय?" वैताग आला. वाक्यं तोडली, बोल्ड केलं, काही फरक नाही.

मग आधी फक्त निरीक्षण लिहिलं: 40 पैकी 11 फाइलींत सोन्याची किंमत ठरवणाऱ्या व्हॅल्युअरची सही नाही, नियमाने कर्ज देण्याआधी हवी. नंतर कारण, इथेच मी चुकत होतो, "सही घेतली नाही" हे कारण नाहीच, निरीक्षणच फिरवून लिहिलेलं. शाखेत विचारलं तर व्हॅल्युअर फक्त मंगळवार-शुक्रवार येतो (त्या 11 फाइली इतर वारांच्याच निघाल्या!) आणि सॉफ्टवेअर सहीशिवाय पैसे सोडतं. शिफारस त्या कारणालाच जोडली: व्हॅल्युएशनची नोंद नसेल तर सिस्टिमने कर्जवाटप अडवायचं, जबाबदारी कर्ज विभागप्रमुखाची, मुदत 30 जून. फाइलींची यादी परिशिष्टात ढकलली.