पैसे भरण्याआधी बिलातले जादा आकार कसे शोधावेत

किराणा दहा मिनिटांत पोहोचवणाऱ्या ॲपवर परवा मी दूध, ब्रेड आणि कोथिंबीर मागवली. वस्तूंची बेरीज १४८ रुपये होती, पण खालच्या हिरव्या बटणावर २३० रुपये दिसत होते. असं दिसलं की बटण दाबू नका. आधी मधले ८२ रुपये कुठून आले ते शोधा.

कार्ट उघडून अगदी तळापर्यंत जा. तिथे ‘बिल डिटेल्स’ असतं. एकूण रकमेवर किंवा तिच्या शेजारच्या बाणावर टिचकी मारली की ओळी उलगडतात. माझ्या बिलात डिलिव्हरी २५, हँडलिंग १० आणि ‘स्मॉल कार्ट’चे १५, असे ५० रुपये निघाले. त्यावर १८ टक्के जीएसटीचे ९. पाकिटावरच्या एमआरपीत कर धरलेलाच असतो, त्यामुळे हा जीएसटी मालावरचा नव्हे, आकारांवरचा. म्हणजे एक आकार कमी झाला की त्याच्यावरचा करही जातो.

उरले २३. मागच्या खेपेला पावसात आलेल्या मुलाला मी २० रुपये टिप दिली होती, ती ॲपने लक्षात ठेवली होती. आणि देणगीच्या ३ रुपयांवर आधीच खूण होती. या दोन्ही गोष्टी खुशीच्या आहेत. द्यायच्या तर जरूर द्या, पण स्वतः ठरवून द्या. मी दोन्ही काढल्यावर रक्कम २०७ झाली.

आता ‘स्मॉल कार्ट’. वस्तूंची बेरीज १९९ च्या वर गेली तर डिलिव्हरी आणि हा आकार दोन्ही माफ, असं तिथे लिहिलं होतं. म्हणजे ४० रुपये आणि त्यावरचा कर मिळून ४७ रुपये २० पैसे वाचणार. घरातला साबण संपतच आला होता, म्हणून ५५ चा घेतला. बिल झालं २१४ रुपये ८० पैसे. साबण जेमतेम आठ रुपयांत पडला! पण गरज नसलेली वस्तू केवळ मर्यादा गाठायला घेऊ नका.

हॉटेलचं जेवण मागवताना पॅकिंगचे पैसे वेगळे दिसतात. हा आकार बहुधा हॉटेलवाल्याचा असतो, त्यामुळे तोच पदार्थ दुसऱ्या हॉटेलातून घेतला की एकूण रक्कम बदलते. तुलना नेहमी शेवटच्या रकमेची करा.

शेवटी पैसे भरण्याची पद्धत निवडा आणि थांबा. काही ठिकाणी रोख देण्याचा आकार इथेच वाढतो, आधीच्या पानावर तो नसतो. यूपीआयचा पिन टाकण्याआधी तिथली रक्कम बिलाशी ताडून पाहा आणि बिलाचा स्क्रीनशॉट ठेवा.

आकार टप्प्याटप्प्याने उघड करणं आणि न विचारता कार्टात काही घुसवणं, या दोन्हींना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मनाई आहे. तसं घडलं तर तोच स्क्रीनशॉट हाताशी ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा.