ब्रिटनची एक वर्षाची मास्टर्स घेऊन पुण्यात परतताना: नोकरी आणि पदवीची समकक्षता

खराडीतल्या एका कंपनीच्या भरती विभागात मी काम करते. गेल्या वर्षी कर्वेनगरची एक मुलगी मुलाखतीला आली. पुण्यातून बी.एससी. आणि ब्रिटनमधून एक वर्षाची एम.एससी. झालेली. तिचे गुण होते 58, आणि तीन कंपन्यांनी तिचा अर्ज न बोलावताच परत पाठवला होता. दोष तिच्या अभ्यासाचा नव्हता. आपल्याकडच्या ऑनलाइन अर्जांत अनेकदा 60 टक्क्यांची चाळणी असते आणि ती कोणत्या देशाचे गुण आहेत हे विचारत नाही.

म्हणून सुरुवात गुणपत्रिकेपासून करा. ब्रिटिश मास्टर्सला साधारणपणे 50 ला उत्तीर्ण, 60 ला मेरिट आणि 70 ला डिस्टिंक्शन. म्हणजे तिकडचे 70 हे आपल्याकडच्या 70 सारखे नाहीत. तिची पदवी 180 क्रेडिटची होती: 120 क्रेडिटचे विषय, सरासरी 56, आणि 60 क्रेडिटचा प्रबंध, त्यात 62. आता 120 गुणिले 56 म्हणजे 6720, 60 गुणिले 62 म्हणजे 3720. बेरीज 10440, भागिले 180, उत्तर 58. बायोडेटात तिने फक्त ‘58%’ लिहिले होते. आम्ही ते बदलून घेतले: ‘58 (उत्तीर्ण 50, मेरिट 60, डिस्टिंक्शन 70), प्रबंध 62’, आणि खाली प्रबंधाचा विषय. भरती करणाऱ्या माणसाला एका ओळीत उलगडा होतो.

पण आकडा वाढवून लिहू नका. इंटरनेटवरच्या एखाद्या तक्त्यावरून 58 चे 72 करून भरले, तर पडताळणीत गुणपत्रिकेशी ताळा बसत नाही आणि हातातली ऑफर जाते. चाळणी अडवत असेल तर अर्जाबरोबर भरती अधिकाऱ्याला मेल करून गुणांची पद्धत समजावून सांगा. माझ्या अनुभवात हे बहुतेक जण ऐकून घेतात.

आता समकक्षता, म्हणजे परदेशी पदवी आपल्याकडच्या त्या पातळीच्या पदवीच्या बरोबरीची आहे असे प्रमाणपत्र. खासगी कंपनीला तिची सहसा गरज नसते. आम्ही पडताळणी संस्थेमार्फत विद्यापीठाकडूनच खातरजमा करतो आणि त्यासाठी तुमची लेखी संमती घेतो. समकक्षता लागते ती यूजीसी-नेट, पीएच.डी. प्रवेश, प्राध्यापकी आणि सरकारी नोकरीसाठी. या मुलीला पुढे शिकवायचे होते, म्हणून आम्ही तोही विषय काढला.

एक वर्षाची मास्टर्स चालत नाही, असे अजूनही लोक सांगतात. भारत आणि ब्रिटन यांच्यात जुलै 2022 मध्ये पदव्यांच्या परस्पर मान्यतेचा करार झाला आणि ब्रिटिश मास्टर्सचा रस्ता मोकळा झाला. वैद्यक, नर्सिंग, औषधनिर्माण, कायदा, वास्तुशास्त्र यांचा मार्ग मात्र वेगळा. तिथे त्या त्या परिषदेकडेच जावे लागते.

पूर्वी हे प्रमाणपत्र भारतीय विश्वविद्यालय संघ, म्हणजे एआययू, देत असे. यूजीसीने 2025 मध्ये नवे नियम काढून समकक्षता देण्याची व्यवस्था स्वतःकडे घेतली. म्हणून अर्ज करण्याआधी दोन्ही संकेतस्थळे पाहा आणि ज्या जाहिरातीसाठी प्रमाणपत्र हवे आहे तिच्यात कोणाचे नाव आहे ते वाचा. प्रत्यक्ष वर्गात बसून शिकलेलीच पदवी धरतात. फ्रँचायझी पद्धतीने, दुसऱ्याच संस्थेत शिकवून दिलेली पदवी धरत नाहीत.

कागद साधारण हे: पदवी प्रमाणपत्र, क्रेडिट दाखवणारी पूर्ण गुणपत्रिका, बी.एससी.ची पदवी व गुणपत्रिका, बारावीची गुणपत्रिका, पासपोर्ट आणि व्हिसाची पाने. अपोस्टिल, म्हणजे कागद दुसऱ्या देशात खरा धरला जावा म्हणून लावलेली सरकारी मोहर, हवा असेल तर तो तिकडूनच आणा; ब्रिटिश पदवीवर आपले परराष्ट्र मंत्रालय अपोस्टिल देत नाही. पुण्यात आल्यावर ही गोष्ट कळली की कुरियर आणि ओळखीचे लोक शोधण्यात महिने जातात.

आणि नाव. आपल्याकडच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. ब्रिटिश पदवीवर पासपोर्टप्रमाणे, आणि पासपोर्टवरच्या तिच्या नावात वडिलांचे नावच नव्हते. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत असे प्रतिज्ञापत्र तिने नोटरीकडून करून घेतले आणि अर्जात प्रत्येक कागदावरचे नाव जसेच्या तसे लिहिले.

समकक्षता पदवीची पातळी सांगते, 58 चे दुसरे काही करत नाही. नेटसाठी खुल्या प्रवर्गात मास्टर्सला 55 टक्के लागतात, तेव्हा तिची अडचण नव्हती. तुमचे 52 असतील आणि प्रवर्ग खुला असेल, तर समकक्षतेचे शुल्क भरण्याआधी हा हिशेब करा.