विषम संख्यांची बेरीज n²: इंडक्शन लिहिताना या चुका टाळा

पहिल्या n विषम संख्यांची बेरीज n² असते हे इंडक्शनने सिद्ध करा, हा प्रश्न वहीच्या अर्ध्या पानात संपतो. सोपा म्हणून मुलं तो घाईत उरकतात, आणि तपासायला बसलं की दर वेळी त्याच चुका समोर येतात. त्यातल्या दोन माझ्या खास डोकेदुखीच्या आहेत. त्यांच्यावर सविस्तर लिहितो, बाकीच्या जाता जाता.

विधान हे:

1 + 3 + 5 + … + (2n − 1) = n²

k च्या जागी k + 1 ठेवलं की झालं सिद्ध?

उत्तर साधारण असं असतं: "n = 1 साठी खरं आहे. n = k साठी खरं मानू. आता n = k + 1 ठेवू. 1 + 3 + … + (2k + 1) = (k + 1)². म्हणून सिद्ध."

यात काहीही सिद्ध झालेलं नाही. जे दाखवायचं होतं तेच पुन्हा लिहून त्याखाली "म्हणून सिद्ध" असा शिक्का मारलाय.

एक विद्यार्थी असा पेपर घेऊन भांडायला आला होता. "सर, दोन्ही पायऱ्या आहेत, मग मार्क का कापले?" मी वाद घातला नाही. कोरा कागद दिला आणि म्हटलं, ही बेरीज n² + n असते हे तुझ्याच पद्धतीने सिद्ध कर. तो म्हणाला, पण हे तर n = 1 लाच चुकतंय. म्हटलं, ते राहू दे बाजूला, फक्त दुसरी पायरी लिही. त्याने लिहिली: "n = k + 1 ठेवू. 1 + 3 + … + (2k + 1) = (k + 1)² + (k + 1). म्हणून सिद्ध." लिहून झाल्यावर तो स्वतःच कागदाकडे बघत राहिला.

मग तेच खोटं विधान नीट करून पाहायला लावलं. k पर्यंतची बेरीज k² + k मानली. त्यात पुढची विषम संख्या 2k + 1 मिळवली, आले k² + 3k + 1. हवे होते (k + 1)² + (k + 1), म्हणजे k² + 3k + 2. एक कमी पडला. नीट लिहिलेल्या पायरीने खोटं पकडलं, आणि त्याच्या पायरीला खरं-खोटं सारखंच होतं.

खरी पायरी अशी दिसते:

1 + 3 + … + (2k − 1) + (2k + 1)
= k² + (2k + 1)
= (k + 1)²

माझी सवय सांगतो. मी फक्त डावी बाजू लिहायला घेतो आणि (k + 1)² शेवटच्या ओळीपर्यंत कागदावर येऊ देत नाही. जिथे पहिल्या k पदांच्या जागी k² आलं, त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारतो. गृहीतक तिथे वापरलं गेलं. तुमच्या उत्तरात अशी रेघ मारायला जागाच सापडत नसेल, तर उत्तर पुन्हा लिहा.

याच चुकीची सौम्य आवृत्ती म्हणजे (k + 1)² सुरुवातीलाच मांडायचं, दोन्ही बाजूंतून 2k + 1 वजा करायचे, k² = k² आणायचं आणि खूश व्हायचं. इथे पायऱ्या उलट्या वाचता येतात म्हणून तर्क वाचवता येतो. पण जे सिद्ध करायचंय तिथूनच निघण्याची ही सवय दुसऱ्या गणितात घात करते. दोन्ही बाजूंचा वर्ग केला तर −1 = 1 मधूनसुद्धा 1 = 1 निघतं. मी तरी अशा उत्तराला पूर्ण गुण देत नाही.

"n = 1 साठी उघड आहे"

हे वाक्य लिहून पुढे धावणाऱ्यांना मी एकच प्रश्न विचारतो: बेरीज n² + 7 असते का? दुसरी पायरी करून बघा. k पर्यंतची बेरीज k² + 7 माना, त्यात 2k + 1 मिळवा:

k² + 7 + 2k + 1 = (k + 1)² + 7

बिनचूक. कुठे एकसुद्धा कमी पडला नाही. तरी विधान साफ खोटं आहे, कारण पहिली विषम संख्या 1 आहे आणि सूत्र 8 सांगतंय. 7 च्या जागी शून्य सोडून कुठलीही संख्या ठेवा, हेच होईल. दुसरी पायरी फक्त एवढंच सांगते की n एकाने वाढला की दोन्ही बाजू 2k + 1 ने वाढतात. बेरीज कुठून सुरू झाली हे तिला कळायला मार्गच नाही. ते फक्त n = 1 ची ओळ सांगते.

म्हणजे n² + n ला दुसऱ्या पायरीने पकडलं आणि n² + 7 ला पहिलीने. दोघींची कामं वेगळी आहेत. म्हणून n = 1 साठी "डावी बाजू 1, उजवी बाजू 1² = 1" असं दोन्ही बाजू वेगवेगळ्या काढून लिहा. दहा सेकंदांचं काम आहे, त्यात शॉर्टकट कसला शोधायचा?

फ्रान्सेस्को माउरोलिको या इटालियन गणितज्ञाने १५७५ मध्ये छापलेल्या ग्रंथात नेमका हाच निष्कर्ष आहे. इंडक्शनच्या सुरुवातीच्या उदाहरणांत त्याचा हमखास उल्लेख होतो. एका वर्गात पुढची विषम संख्या मिळवली की पुढचा वर्ग येतो, हे त्याने आधी दाखवलं आणि मग 1 पासून एकेक पाऊल पुढे गेला. 1 त्यानेही सोडला नाही.

पुढचं पद चुकणं

2(k + 1) − 1 मधला कंस सोडवताना घाईत 2k + 1 − 1 होतं, म्हणजे 2k. मग बेरीज k² + 2k येते, आणि (k + 1)² हवंय हे माहीत असल्यामुळे एक +1 गुपचूप कुठून तरी उगवतो. तो मला लगेच दिसतो, लपत नाही. 2k ही सम संख्या आहे, एवढं जरी लक्षात आलं तरी चूक तिथेच सापडते. k = 3 ठेवून बघा: 1, 3, 5 नंतर 7 यायला हवेत, आणि 2·3 + 1 = 7. काही जण तर थेट k + 1 मिळवतात. त्यांनी आधी पाच पदं हाताने लिहावीत.

किरकोळ, पण रोजच्या

P(k) हे विधान आहे, संख्या नव्हे. त्यामुळे "P(k) + (2k + 1) = P(k + 1)" याला काही अर्थ नाही. बेरजेला S(k) म्हणा.

"समजा सर्व n साठी खरं आहे" असं लिहिलंत तर सिद्ध करायला उरलं काय? कुठल्या तरी एका k साठी मानायचं.

n = 1 ते 5 तपासून "याचप्रमाणे पुढेही" लिहिणाऱ्यांनी n² + n + 41 घेऊन बसावं. n = 0 पासून 39 पर्यंत प्रत्येक वेळी मूळ संख्या मिळते, आणि n = 40 ला 41² येतो.

शेवटची चूक सिद्धतेनंतरची. 1 + 3 + … + 99 विचारलं की उत्तर 99² लिहिलं जातं. n म्हणजे किती पदं, शेवटचं पद नाही. 2n − 1 = 99 वरून n = 50, आणि बेरीज 50² = 2500.