रहस्यकथांचं वेड लागलंय? मग या क्रमाने वाचा

रहस्यकथांच्या नादी कोणी नव्याने लागला की आमच्याकडे त्याला दोनच सल्ले मिळतात. जुनी मंडळी म्हणतात, बाबूराव अर्नाळकर वाच. नागपूर-पुण्याला शिकायला गेलेली पोरं म्हणतात, थेट अगाथा ख्रिस्ती घे. दोन्ही सल्ले मला पटत नाहीत. अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाड यांच्यात मजा आहे, पण तिथे पाठलाग आणि धाडस जास्त, कोड्याला काम कमी. ते मधेच कधीही वाचा, पायरी म्हणून धरू नका. आणि ख्रिस्ती चौथ्या पायरीवर आहे, पहिल्या नाही.

आधी एक खबरदारी. आपल्याकडच्या ड वर्गाच्या वाचनालयातली रहस्यकथा पन्नास हातांतून गेलेली असते. शेवटची पानं शाबूत आहेत का, हे ग्रंथपालालाच बघायला सांगा, स्वतः उघडू नका. आत कुठे एखाद्या उपद्व्यापी माणसाने नावापुढे पेन्सिलने ‘हाच खुनी’ लिहून ठेवलेलं असतं, तेही त्यालाच खोडायला लावा.

पहिली पायरी फेलूदा. सत्यजित राय यांनी मुलांसाठी लिहिलेल्या या कथांचे अशोक जैन यांनी केलेले मराठी अनुवाद आहेत. रक्तपात बेताचा, माणसं थोडी. गोष्ट सांगणारा फेलूदाचा चुलतभाऊ तोपशे जे बघतो तेच आपण बघतो. दोन-तीन पुस्तकं वाचा आणि पुढे चला.

दुसरी पायरी शेरलॉक होम्स, पण फक्त लघुकथा. त्या छप्पन्न आहेत, पुरून उरतील. ‘क्रमाने वाच’ म्हणणाऱ्याचं ऐकून १८८७ची पहिली कादंबरी हाती घेऊ नका. तिच्या उत्तरार्धात गोष्ट लंडन सोडून अमेरिकेत जाते आणि नवा वाचक तिथेच पुस्तक मिटतो.

तिसरी पायरी ब्योमकेश बक्षी. हिंदीत सहज मिळतो आणि आपल्याला हिंदीची अडचण नाही. इथे माणसं मोठी होतात. पैसा, वासना, घरातली भांडणं येतात, म्हणजे खुनाची कारणं खरी वाटायला लागतात.

आता चौथी. बहुतेक वाचक इथेच गळतात आणि मीही इथे बराच काळ अडकून होतो. होम्सच्या गोष्टीत आपण हुशार माणसाचं काम बघतो. तो खाली वाकतो, काहीतरी उचलतो, खिशात टाकतो आणि ते काय होतं हे कित्येकदा आपल्याला शेवटीच कळतं. ख्रिस्ती सगळं आपल्यासमोर ठेवते आणि तुम्ही ओळखा म्हणते. वाचायची सवय तीच ठेवली तर साठाव्या पानापर्यंत दहा इंग्रजी नावांचा गुंता होतो. मग माणूस ‘सगळ्यात साधा दिसतो तोच असेल’ असा अंदाज ठोकतो. तो कधी बरोबरही येतो, पण हाती काही लागत नाही. हेतूवरूनही ओळखायला जाऊ नका, कारण तिच्या पुस्तकात हेतू जवळपास सगळ्यांनाच असतो.

मग बघायचं काय? यासाठी पुन्हा होम्सकडे जातो. ‘सिल्व्हर ब्लेझ’ या १८९२च्या कथेत शर्यतीचा घोडा रात्री तबेल्यातून नाहीसा होतो आणि त्याचा प्रशिक्षक मरून पडलेला सापडतो. पहाऱ्यावरच्या पोराला जेवणातून अफूची पूड दिलेली असते. त्याच संध्याकाळी एक परका माणूस तबेल्यापाशी घुटमळताना दिसलेला असतो, म्हणून पोलीस त्याला धरतात. होम्स मात्र जेवणात काय होतं ते बघतो. मसालेदार मटण. अफूची चव साध्या जेवणात लगेच कळली असती, मसाल्याखाली ती झाकली गेली. सावजी रस्सा खाणाऱ्याला हे वेगळं समजवायला नको. आता एकच प्रश्न विचारायचा: त्या रात्री मटणच करायचं, हे कोणाच्या हातात होतं? वाटेवरच्या परक्याच्या तर नक्कीच नाही. दुसरी गोष्ट कुत्र्याची. रात्री कोणीतरी आत येऊन घोडा नेला, तरी माळ्यावर झोपलेल्या दोन पोरांना जाग येईल इतकं कुत्रं भुंकलं नाही. म्हणजे येणारा त्याच्या ओळखीचा होता. खुनी कोण ते मी सांगत नाही, पण संशय कुठल्या घराकडे वळला ते बघा. हे दोन्ही धागे आपल्यासमोरच होते. ‘याला कारण होतं का’ असं विचारत बसलो असतो तर ते दिसले नसते. ‘हे घडवून आणणं कोणाला शक्य होतं’ असं विचारलं की दिसतात.

हाच प्रश्न घेऊन ख्रिस्तीकडे जा आणि पहिलं पुस्तक ‘फाइव्ह लिटल पिग्ज’ (१९४२) घ्या. सोळा वर्षांपूर्वी एका चित्रकारावर विषप्रयोग झाला. बायको दोषी ठरली आणि तुरुंगातच वारली. आता मुलगी ख्रिस्तीचा गुप्तहेर पॉयरो याच्याकडे येऊन म्हणते, आईने हे केलेलं नाही. संशयित फक्त पाच, आणि पाचही जण त्याच दिवसाची हकीकत आपापल्या परीने लिहून देतात. सरावासाठी याहून सोयीचं पुस्तक मला तरी माहीत नाही.

वहीचं एक पान घ्या आणि चार रकाने आखा. पहिल्यात नाव, आणि नावापुढे मेलेल्याशी नातं: मित्र, मित्राचा भाऊ, मेहुणी. इंग्रजी नाव विसरतं, नातं विसरत नाही. दुसऱ्यात त्या वेळी तो माणूस कुठे होता. तिसऱ्यात तो काय पाहिलं, काय ऐकलं म्हणतो. चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा: हेच आणखी कोणी सांगितलं का? एखादं बोलणं दोघांनी ऐकलं आणि दोघांनी त्याचा अर्थ वेगवेगळा लावला, तर त्या ओळीखाली रेघ मारा. कोणी नुसतं ऐकलं आणि पाहिलं नाही, तर तिथे प्रश्नचिन्ह करा. बाकी काही लिहू नका. जास्त लिहिलं की वही भरते आणि वाचन थांबतं.

पुस्तक तीन-चार दिवसांत संपवा. वेचणीच्या दिवसांत आठ-आठ दिवसांचा खंड पडणार असेल तर सुरूच करू नका. पॉयरो सगळ्यांना एकत्र बसवतो तिथे पुस्तक बंद करा आणि एक रात्र वहीवर घालवा. ओळखता आलं नाही तरी चालेल. शेवट वाचल्यावर रेघ मारलेल्या ओळी पुन्हा काढा. खरा धागा त्यांत असेल तर तुमचं वाचन सुधारलंय. नसेल तर याच पायरीवर आणखी एक पुस्तक वाचा.

‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’ (१९२६) तिची तीन-चार पुस्तकं झाल्यावरच घ्या. अशा गोष्टी कशा सांगतात याची सवय अंगवळणी पडल्याशिवाय त्यातला डाव लागतच नाही. आणि ‘डंब विटनेस’ (१९३७) त्याआधी मुळीच उघडू नका. त्यात पॉयरो बोलण्याच्या ओघात आधीच्या चार पुस्तकांतल्या खुन्यांची नावं घेतो, रॉजर ॲक्रॉइडच्यासुद्धा.

पाचवी पायरी बंद खोलीतला खून, म्हणजे जॉन डिक्सन कारचं ‘द हॉलो मॅन’ (१९३५). यात एक अख्खं प्रकरण गुप्तहेर बंद खोलीत खून करण्याच्या तऱ्हाच समजावत बसतो. ते गाळू नका. इंग्रजी जड जात असेल तर हे पुस्तक थांबू शकतं. तोवर जपानी लेखक केइगो हिगाशिनोचं ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’ घ्या, इंग्रजी अनुवादाची भाषा साधी आहे. खून कोणी केला ते यात सुरुवातीलाच दिसतं, तेव्हा चार रकान्यांची वही इथे चालणार नाही. इथे कागदावर फक्त तारखा आणि वेळा लिहा.