‘तुम्हाला हे झालंय’ असं स्लाइडवर लिहू नका

मानसिक आरोग्यावर कॅरोसेल, म्हणजे अनेक स्लाइडची सोशल मीडिया पोस्ट, करताना घोळ बहुतेक दुसऱ्या स्लाइडवर होतो. समजा तिथे लिहिलंय, ‘लोकलमध्ये चढताना छाती धडधडते? हा पॅनिक अटॅक आहे.’ धडधड अ‍ॅनिमियामुळे होते, थायरॉईडमुळे होते, कधी हृदयाच्या तक्रारीमुळेही. ठाण्याहून रोज गर्दीत लटकत येणारी एखादी ताई ते वाक्य वाचून तपासणीच टाळेल, ही मला खरी भीती वाटते.

त्याऐवजी असं लिहा: ‘गर्दीत धडधड होते, घाम फुटतो, उतरून जावंसं वाटतं? याची कारणं वेगवेगळी असतात. पुन्हा पुन्हा होत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा.’ अनुभव तोच राहतो, शिक्का मात्र जातो. उदासीबद्दल लिहितानाही हेच. ‘हे डिप्रेशन आहे’ म्हणण्याऐवजी ‘दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक किंवा काम बिघडलं असेल, तर तज्ज्ञांशी बोला’ असं लिहा.

मदतीचा पत्ता फक्त शेवटच्या स्लाइडवर ठेवू नका. लोक एकाच स्लाइडचा स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. प्रत्येक स्लाइडच्या तळाशी सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनची ‘टेली-मानस १४४१६, मोफत, २४ तास’ एवढी ओळ पुरते. कॅप्शनमध्येही ती लिहा आणि केईएम, सायन, नायर रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत हेही सांगा. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, तर थांबू नका, लगेच फोन करा, हे वेगळ्या, ठळक ओळीत हवं. पोस्टायच्या आधी नंबर स्वतः लावून बघा.