सट्टा हाताबाहेर चाललाय का? आधी बँकेचं स्टेटमेंट काढा

क्रिकेटवर पैसे लावणारा माणूस स्वतःला एकच प्रश्न विचारतो, ‘किती गेले?’ पण रकमेवरून फारसं कळत नाही. हरल्यानंतर त्याच रात्री तुम्ही काय करता, ते बघा. गेलेले पैसे ‘काढून घ्यायला’ पुढचा डाव लावत असाल, तर धोक्याची सगळ्यात ठळक खूण तीच आहे.

समजा, भाव ९० पैशांचा आहे, म्हणजे रुपया लावला की जिंकल्यावर ९० पैसे वर मिळतात. पहिले ५०० गेले, मग १,०००, २,०००, ४,०००, ८,००० असे दुप्पट लावत गेलात आणि पाचही डाव हरलात. एकूण १५,५०० गेले. सहावा डाव १६,००० चा लावलात आणि जिंकलात, तर वर मिळाले १४,४००. म्हणजे जिंकूनही १,१०० चा तोटाच. हे सगळं एका सामन्यात, दोन-अडीच तासांत घडू शकतं.

दुसरी खूण खोटं बोलण्याची. डॉक्टर सुरुवातीला जे दोन प्रश्न विचारतात, ते स्वतःलाच विचारा: दिवसेंदिवस जास्त रक्कम लावावीशी वाटते का? किती लावतो याबद्दल जवळच्या माणसाशी खोटं बोलावं लागलंय का? एकाचंही उत्तर ‘हो’ असेल, तर पुढची कामं याच आठवड्यात करा. याचा अर्थ आजार ठरला असा नाही, पण तपासून घ्यायची वेळ आली आहे.

पहिलं काम: हिशेब कागदावर उतरवा. बँकेतून मागच्या तीन महिन्यांचं स्टेटमेंट काढा. त्यात सट्ट्याचे पैसे शोधणं सोपं नसतं, कारण सट्टा लावायचा ऑनलाइन आयडी देणारा दर वेळी वेगळ्याच माणसाच्या खात्यावर पैसे टाकायला सांगतो. म्हणून व्हॉट्सअ‍ॅप किंवा टेलिग्रामवरच्या त्याच्या मेसेजच्या तारखा स्टेटमेंटशी ताडून बघा. कागदावर दोनच रकाने करा: खात्यातून गेले आणि खात्यात परत आले. आयडीवर दिसणारा बॅलन्स धरू नका. तो पुढच्या डावात जातो, खात्यात क्वचितच येतो, आणि ‘मी बऱ्याचदा जिंकतो’ हा समज तिथूनच तयार होतो.

दुसरं: वाट अवघड करा. आयडी बंद करायला सांगा, नंबर ब्लॉक करा, ग्रुपमधून बाहेर पडा. तो बोनसचं आमिष दाखवून नव्या नंबरवरून मेसेज करेल, तोही ब्लॉक करा. यूपीआयची रोजची मर्यादा घरखर्चापुरतीच ठेवा. शक्य असेल तर पगाराच्या खात्याचं कार्ड काही महिने घरच्यांकडे द्या. संध्याकाळी साडेसातला सामना सुरू होतो. त्या वेळी फोन हातात आणि पैसे खात्यात असतील, तर नुसता निश्चय टिकणं कठीण असतं.

तिसरं: एका माणसाला सांगा, तोच कागद हातात घेऊन. बायको, भाऊ, मित्र, कोणीही चालेल. आकडा पूर्ण सांगा. अर्धा लपवला की तो फेडण्यासाठी पुन्हा डाव लावायची ओढ लागते.

घरच्यांसाठीही एक गोष्ट मनापासून सांगतो. दागिने मोडून सगळं कर्ज एकदम फेडू नका. हातातले पैसे मोकळे होतात आणि थोड्याच दिवसांत खेळ पुन्हा सुरू होतो. देणी लिहून काढा, बँकेशी हप्त्यांची मुदत वाढवून मिळण्याबद्दल बोला, आणि झटपट कर्ज देणाऱ्या अ‍ॅपकडून नवं कर्ज तर मुळीच घेऊ नका. थकलेल्या बँककर्जाच्या वसुलीसाठी एजंटने सकाळी ८ च्या आधी किंवा संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. धमक्या येत असतील तर त्या जपून ठेवा आणि तक्रार करा.

चौथं: मदत घ्या. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. ‘मला सट्ट्याची सवय लागली आहे, थांबता येत नाही’ एवढं म्हटलं तरी पुरे. प्रत्यक्ष भेटायचं असेल तर जिल्हा रुग्णालयाच्या किंवा सरकारी मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार विभागात केसपेपर काढा. झोप उडालेली असेल किंवा दारू वाढली असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा.

पोलिसांच्या भीतीने बरेच जण गप्प राहतात. ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणाऱ्या २०२५ च्या केंद्रीय कायद्यात शिक्षा आहे ती खेळ चालवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला, नुसत्या खेळणाऱ्याला नाही. शिवाय रुग्णाची माहिती गुप्त राखणं डॉक्टरांवर २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने बंधनकारक आहे.

कर्जापायी जगणं नकोसं वाटत असेल, तर हिशेब राहू द्या. एकटे बसू नका, कोणाला तरी लगेच जवळ बोलवा आणि १४४१६ किंवा ११२ लावा.

काही आठवड्यांनी हात पुन्हा घसरला, तर त्याच रात्री त्याच माणसाला फोन करा आणि ती रक्कम त्याच कागदावर, ‘गेले’च्या रकान्यात लिहा.