उलट भाषांतर करून आरोग्य-प्रश्नावली कशी तपासावी

नैराश्याची लक्षणे ओळखण्यासाठी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली वापरतात. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती दिवस झाला, याला ० ते ३ गुण. समजा, तिचा मराठी मसुदा तुम्ही तयार केला आहे.

१. तो अशा माणसाकडून पुन्हा इंग्रजीत करून घ्या, ज्याने मूळ प्रश्नावली पाहिलेलीच नाही. इथे मानसोपचारतज्ज्ञ नको. त्याला मूळ वाक्ये पाठ असतात, त्यामुळे तुमची चूक तो नकळत दुरुस्त करून टाकतो. ‘लिहिलंय तेवढंच भाषांतरित करा, सफाई करू नका, दोन अर्थ निघत असतील तर दोन्ही लिहा,’ असे भाषांतर करणाऱ्याला बजावून सांगा.

२. मूळ, मराठी आणि उलट आलेले इंग्रजी शेजारी-शेजारी मांडा. शब्द वेगळे आले म्हणून घाबरू नका, अर्थ सरकला का ते पाहा. पहिलाच प्रश्न घ्या: ‘लिटल इंटरेस्ट’. मसुद्यात ‘थोडा रस वाटणे’ असेल तर उलट येते ‘अ लिटल इंटरेस्ट’. एका ‘अ’ने लक्षणच उलटले! हवे होते ‘फारसा रस न वाटणे’.

उत्तरांचे पर्याय याहून फसवे. ‘सेव्हरल डेज’चे ‘बरेच दिवस’ केले, तर परत येते ‘मेनी डेज’. त्याच्या वरचा पर्याय आहे ‘निम्म्याहून जास्त दिवस’. दहा दिवस त्रास झालेली बाई ‘बरेच दिवस’ निवडेल आणि तिला २ ऐवजी १ गुण मिळेल. इथे ‘काही दिवस’ बरे.

३. फरक दिसला की आधी चूक कोणाची ते ठरवा. कधी मराठी ठीक असते, घसरतो तो उलट भाषांतर करणारा. मराठी बदलले, तर तेवढा भाग नव्या माणसाकडून पुन्हा उलटून घ्या. जुन्याला आता तुमचा रोख कळलेला असतो.

४. जिथे तंतोतंत जुळले, तिथे जास्त संशय घ्या. दुसऱ्या प्रश्नातल्या ‘फीलिंग डाउन’चे कुणी ‘खाली वाटणे’ केले, तर उलटून ‘फीलिंग डाउन’च मिळेल. कागदावर शंभर टक्के जुळणी, पण मराठीत असे कोणी बोलत नाही. ‘उदास वाटणे’ परत येताना ‘सॅड’ होईल, तरी तेच जास्त बरोबर.

५. ही गफलत उलट भाषांतर पकडू शकत नाही. म्हणून ज्यांच्यासाठी प्रश्नावली आहे अशा पाच-सहा जणांना प्रश्न वाचून दाखवा आणि विचारा, ‘यात काय विचारलंय, तुमच्या शब्दांत सांगा.’ उदासीच्या प्रश्नावर ‘बरं वाटत नाही, कणकण आहे का, असंच ना?’ असे कोणी म्हटले, तर तो प्रश्न पुन्हा लिहायला घ्या.